पाच पाकळ्या की सहा?

श्रावणातली सकाळ. पाऊस जरा उघडला होता. नात परसातून आली ती मुठीत चिखलासकट एक झुडूप घेऊनच. "आबा, हीच का भुईआवळी?" मागोमाग नातू रिकामी बुट्टी घेऊन उभा. नातीच्या मैत्रिणीच्या बाबांना कावीळ झाली होती, आणि शेजारच्या आक्कांनी दोघांना कामाला लावलं होतं. मूठभर भुईआवळी मुळासकट धुवायची, वाटायची, वाटीभर ताकात कालवून सात दिवस अनशापोटी द्यायची. तेलकट बंद, तिखट बंद, आणि पिवळं वाढायला नको म्हणून हळदसुद्धा बंद.

मी कोल्हापुरात चाळीस वर्षं रक्त तपासण्यात घालवली. काविळीच्या माणसाच्या रक्ताची बाटली उभी करून ठेवली की वर जे पाणी साचतं ते एरवी फिकट गवताच्या रंगाचं असतं, यांचं मात्र गडद केशरी. मशीन लावायच्या आधीच कळतं. त्यामुळे काविळीचा विषय घरात निघाला की मला गप्प बसवत नाही.

"आधी पान उलटं करा," मी म्हटलं.

पानाखाली ओळीनं मोहरीएवढी हिरवी फळं लोंबत होती. हुबेहूब आवळे, फक्त बाहुलीच्या घरातले. म्हणून ही भुईवरची आवळी. पण खरी गंमत पुढंच आहे. पानाला कधी फळ लागलेलं पाहिलंय का? आंब्याच्या पानाला आंबा लागतो? नाही. मग इथं कसं? तर आपण ज्याला एक लांबट पान म्हणतो ते पान नाहीच, ती एक कोवळी डहाळी आहे. तिच्या दोन्ही बाजूंना दिसणारी बारीक दलं ही खरी पानं, आणि त्या प्रत्येक पानाच्या बगलेत एकेक फूल. मोठ्या आवळ्याच्या झाडाचंही असंच असतं, दोघं एकाच कुळातले. संध्याकाळी हीच पानं मिटून घेते भुईआवळी. नातवानं ते त्याच दिवशी अंधार पडताना टॉर्च घेऊन बघितलं.

मग मी कपाटातलं जुनं भिंग काढलं. "आता फुलाच्या पाकळ्या मोजा. टाचणीच्या डोक्याएवढं फूल आहे, घाई करू नका."

नात म्हणाली पाच. नातू म्हणाला सहा. भांडण जुंपलं. मी दोघांची झुडपं बघितली तर दोघंही बरोबर! नातीनं परसातून आणलेली एका जातीची, आणि नातवानं रस्त्याकडेची आणलेली दुसऱ्या. जुन्या पुस्तकांत या सगळ्यांना एकच नाव दिलेलं असायचं, फिलँथस निरुरी. पुढं वनस्पतिशास्त्रज्ञांनी भिंग लावून बघितलं तेव्हा कळलं की भारतात त्या एका नावाखाली किमान तीन जाती नांदतायत. पाच पाकळ्यांची अमारस, सहा पाकळ्यांची फ्रॅटर्नस, आणि तिसरी डेबिलिस. शिवाय लालसर देठाची, खरबरीत फळाची आणखी एक भाऊबंद आहेच. बाजारात वाळलेला पाला पुडीत बांधून येतो तेव्हा त्यात कोण कोण आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पाकळ्यांचं हे भांडण लक्षात ठेवा, पुढं उपयोगी पडेल.

"पण आबा, माणूस पिवळा का होतो?"

हे सांगायला मला रविवारच्या मटणाच्या रांगेत जावं लागलं. आमच्या कोल्हापुरात मटण कळतं सगळ्यांना. खाटीक कलेजी सोडवतो तेव्हा तिला चिकटलेली एक हिरवट पिशवी असते, ती तो किती जपून कापून बाजूला टाकतो, बघितलंय? ती फुटली तर सगळी कलेजी कडू. तीच पित्ताची पिशवी. आपल्या पोटात उजव्या बरगड्यांखाली तसंच यकृत असतं, आणि खाली तशीच पिशवी.

रक्तातली लाल पेशी साधारण 120 दिवस जगते. म्हातारी झाली की शरीर तिला मोडीत काढतं. तिचा लाल रंग मोडताना आधी हिरवा होतो, मग पिवळा. गुडघ्याला मार लागल्यावर काळंनिळं होतं, मग ते हिरवट आणि शेवटी पिवळं पडतं, तोच हा प्रकार कातडीखाली डोळ्यांदेखत चाललेला असतो. त्या पिवळ्या रंगाचं नाव बिलिरुबिन. तो सगळा यकृताकडे जातो. यकृत त्याला पाण्यात विरघळेल असा करतं आणि पित्तातून आतड्यात सोडून देतं. मळाला जो तपकिरी रंग येतो तो त्याचाच. यकृत आजारी पडलं, किंवा पित्ताची नळी तुंबली, की हा रंग रक्तात साचतो. एरवी शंभर मिलिलिटर रक्तात एक मिलिग्रॅमच्या आसपास असतो. अडीच-तीनच्या वर गेला की डोळ्यांत दिसतो. कावीळ म्हणजे एवढंच. हळद खाऊन ती वाढत नाही आणि हळद सोडून उतरत नाही.

"म्हणजे कावीळ हा रोग नाही?" नात म्हणाली.

नाही. ताप जसा रोग नाही, तशीच. दारावर वाजलेली कडी आहे ती. बाहेर कोण आलंय हे दार उघडल्याशिवाय कळत नाही.

मग मी त्यांना त्यांच्या काकाची गोष्ट सांगितली. माझा पुतण्या. 2012 साली तो चोवीस वर्षांचा होता आणि इचलकरंजीत यंत्रमागावर होता. त्या उन्हाळ्याच्या शेवटी इचलकरंजीत काविळीची मोठी साथ आली. पंचगंगेचं पाणी घाण झालेलं. दवाखाने भरले, माणसं दगावली. विषाणू निघाला ई प्रकारचा. हा विषाणू रोग्याच्या मळातून पाण्यात आणि पाण्यातून दुसऱ्याच्या पोटात जातो. पोटात गेल्यावर लगेच काही करत नाही. साधारण सव्वा महिना दबा धरून बसतो. म्हणजे आज पिवळा झालेला माणूस महिन्याभरापूर्वी प्यालेल्या पाण्यामुळं पिवळा झालेला असतो, आणि तोवर त्याला ते पाणी आठवतही नसतं.

पुतण्याला आधी चार दिवस बारीक ताप, मळमळ. चहाचा वास सोसेना. मग लघवी काळ्या चहासारखी, आणि डोळे पिवळे. ओळखीच्या वैदूनं भुईआवळी दिली. नऊ दिवस ताकातून घेतली. मळमळ थांबली, भूक लागली, डोळे निवळायला लागले. सगळं घर खूश. तो मला सांगायलाच आला होता, "काका, पाल्यानं गुण आला बघा." मी म्हटलं, "आला असंल. आता दंड पुढं कर."

रिपोर्ट आला. बिलिरुबिन 4.1, म्हणजे उतरणीला लागलेलं. एसजीपीटी 620. हे यकृताच्या पेशीतलं रसायन आहे, पेशी फुटली की रक्तात सांडतं. चाळीसच्या आत असायला हवं आणि साथीच्या काविळीत हजाराच्या पुढं जातं. ई विषाणूविरुद्धचं ताजं प्रतिद्रव्य, आयजीएम, पॉझिटिव्ह. इथवर अपेक्षेप्रमाणं. पण त्याच कागदावर चौथ्या ओळीत लिहिलं होतं, एचबीएसएजी पॉझिटिव्ह. म्हणजे हिपॅटायटिस बी.

मी ती चाचणी पुन्हा लावली. तेच. मग बी विषाणूच्या गाभ्याविरुद्धचं आयजीएम बघितलं, ते निगेटिव्ह. याचा अर्थ बी या उन्हाळ्यात आलेला नव्हता, जुना होता. वहिनींचं रक्त तपासलं तर त्याही पॉझिटिव्ह. जन्माच्या वेळी आईकडून बाळाला आलेला विषाणू चोवीस वर्षं यकृतात बसून होता आणि त्यानं एकदाही डोळे पिवळे केले नव्हते. ईनं दारावरची कडी वाजवली म्हणून बी सापडला. पाल्यानं कावीळ उतरली असं समजून तो मागावर परत गेला असता, तर पुढं कधीतरी पोटात पाणी झाल्यावरच कळलं असतं.

आता पाल्याला गुण द्यायचा की नाही? नातवाचा हाच प्रश्न. तर हे बघा. ए आणि ई या दोन्ही पाण्यातून येणाऱ्या काविळी बहुतेक धडधाकट माणसांत चार ते सहा आठवड्यांत आपोआप उतरतात. औषध दिलं तरी, न दिलं तरी. माणूस डोळे पिवळे झाल्यावर औषधाला जातो, म्हणजे दुखणं निम्मं सरलेलं असतं. पावसाळ्याच्या तोंडाला छत्री दुरुस्त केली आणि दसऱ्याला पाऊस थांबला, तर थांबवला कोणी? वैदू खोटं बोलत होता असं मी म्हणत नाही. त्यानं शंभर काविळी बघितल्या असतील आणि त्यातल्या बहुतेक बऱ्या झालेल्याच असतील. न झालेल्या परत त्याच्याकडं गेल्या नाहीत, त्या मोठ्या दवाखान्यात गेल्या.

पण म्हणून भुईआवळी खोटी ठरत नाही. तिची बाजू मांडणारा साक्षीदार लहानसहान नाही. बारूक ब्लुम्बर्ग नावाचा अमेरिकन शास्त्रज्ञ होता. ऑस्ट्रेलियातल्या एका आदिवासी माणसाच्या रक्तात त्याला एक अनोळखी प्रथिन सापडलं. तेच पुढं हिपॅटायटिस बीचं बाहेरचं आवरण निघालं. एचबीएसएजी म्हणतात ते हेच. 1976 साली त्याला नोबेल मिळालं. या माणसानं मद्रासच्या थ्यागराजन या संशोधकाबरोबर चक्क आपली भुईआवळी तपासायला घेतली. अमेरिकेत वुडचक नावाचा खारीच्या कुळातला एक जाडजूड प्राणी आहे, त्याला बीसारख्याच विषाणूची लागण होते. त्याच्यावर अर्क वापरून बघितला, आशा वाटली. मग 1988 साली मद्रासची चाचणी 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. बीचा विषाणू बाळगणाऱ्या माणसांना वाळलेल्या भुईआवळीची पूड, 200 मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, महिनाभर. 37 पैकी 22 जणांच्या रक्तातून एचबीएसएजी नाहीसं झालं. नुसती खोटी पूड घेतलेल्या 23 पैकी फक्त एकाचं.

जगभर खळबळ उडाली. थायलंडनं करून बघितलं, न्यूझीलंडनं करून बघितलं, आणखी कुणी कुणी केलं. तसा गुण कुणालाच आला नाही. झाड वेगळं होतं का, माती वेगळी होती का, यावर बराच खल झाला. तिथंच तुमचं पाच की सहाचं भांडण येतं. पुढं 2011 साली सगळ्या चाचण्या एकत्र मांडून बघितल्या तेव्हाही भुईआवळी बी बरा करते असा पक्का पुरावा हाती लागला नाही. माझं मत विचाराल तर ते दार अजून किलकिलं आहे, पण त्या फटीतून आपल्या माणसाला आत ढकलण्याइतकं उघडं नाही.

आणि आता कुटकी. ही आपल्याकडची नाही. हिमालयात तीन हजार मीटरच्या वर, बर्फाच्या कडेला उगवते. तिचं जमिनीखालचं खोड औषधी, म्हणजे औषध काढायचं तर झाड उपटावंच लागतं, आणि त्यामुळं ती फार कमी होत चाललीय. मी डबीतला एक तुकडा दोघांच्या जिभेला लावला. नातू वीस मिनिटं तोंड धूत होता. पित्ताची पिशवी फुटलेल्या कलेजीची आठवण यावी असा कडूपणा. पित्त मोकळं करते, पोट साफ करते, म्हणून वैद्य ती काविळीत देतात.

तिच्यावर मुंबईत चांगलं काम झालं. डॉ. अशोक वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1996 साली एक चाचणी प्रसिद्ध केली. विषाणूच्या काविळीचे रोगी. पंधरा जणांना कुटकीची पूड, 375 मिलिग्रॅम दिवसातून तीनदा, दोन आठवडे. अठरा जणांना खोटं औषध. कुणाला काय मिळतंय हे रोग्यालाही माहीत नाही आणि देणाऱ्यालाही नाही. बिलिरुबिन अडीचवर यायला कुटकीवाल्यांना सरासरी 27 दिवस लागले, दुसऱ्यांना 76. तेहतीसच माणसं होती, तेवढ्यावर शिक्का मारता येत नाही, पण आकडा दुर्लक्ष करण्यासारखाही नाही.

मी नातीला विचारलं, "या दोन्ही चाचण्यांत सारखं काय होतं सांग." तिनं विचार केला. "मिलिग्रॅम?" नाही. मद्रासच्या चाचणीत एचबीएसएजी असलेलीच माणसं घेतली होती. मुंबईच्या चाचणीत एचबीएसएजी नसलेलीच. म्हणजे भुईआवळी आणि कुटकी यांच्या बाजूनं आपल्याकडं जो काही सगळ्यात चांगला पुरावा आहे, तो देणाऱ्यांनी झाडाला हात लावायच्या आधी माणसाचं रक्त तपासलं होतं. औषधावर विश्वास असणाऱ्यांनीच!

बिनतपासणीचं औषध कुठं घात करतं, त्याच्या दोनच गोष्टी सांगतो. एक निवृत्त मास्तर होते आमच्या गल्लीत. पोटात दुखणं नाही, ताप नाही, फक्त पिवळे. रात्रभर अंग खाजवायचे आणि मळ पांढऱ्या शाडूसारखा. तीन आठवडे पाला घेतला. रक्त बघितलं तर बिलिरुबिन 14, पण एसजीपीटी जेमतेम 90, आणि अल्कलाइन फॉस्फटेज मात्र आठशेच्या घरात. विषाणूच्या काविळीचं चित्र याच्या उलटं असतं. म्हणजे यकृताची पेशी धड आहे, नळीला बूच बसलंय. सोनोग्राफीत पित्ताची नळी फुगलेली दिसली, खाली गाठ. पांढरा मळ आणि खाज ही खूण घरच्या घरीही ओळखता येते. अशा बुचाला जगातला कुठलाही पाला ढिला करू शकत नाही.

दुसरी गोष्ट फसवी आहे. एका बाईंची एसजीपीटी 2,400 वरून चार दिवसांत 300 वर आली. घरच्यांनी मला पेढे आणले. पण त्या दिवशी बाई स्वतःच्या मुलीचं नाव चुकीचं घेत होत्या, दुपारी झोपून राहत होत्या, आणि सुई टोचलेल्या जागेतून रक्त थांबत नव्हतं. आयएनआर केला, 3.2. एकच्या आसपास हवा. हे रक्त गोठण्याचं माप आहे, आणि गोठवणारी द्रव्यं यकृतच बनवतं. एसजीपीटी उतरली ती यकृत बरं झालं म्हणून नव्हे, फुटायला पेशीच उरल्या नव्हत्या म्हणून. पेढ्यांचा पुडा मी उघडलाच नाही. त्याच रात्री त्यांना मोठ्या दवाखान्यात हलवलं, म्हणून वाचल्या. नुसती एसजीपीटी बघून आनंद मानू नये, आयएनआर शेजारी असल्याशिवाय ती अर्धीच बातमी असते. पोटुशी बाई पिवळी झाली तर चार दिवसही थांबू नये. शेवटच्या तीन महिन्यांत ईची लागण झालेल्या बायकांत चार-पाचातली एक दगावू शकते.

"आणि पाला तर निरुपद्रवी असतो ना?" नातवानं शेवटचा धागा धरला. बहुतेकदा असतो. पण 2020 च्या शेवटच्या चार महिन्यांत मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा जणांच्या यकृताला इजा झालेली नोंदवली. आयुष मंत्रालयानं हरकत घेतली की ती खरी गुळवेल असल्याची खात्री कुठं केली होती. दोघांपैकी कुणीही बरोबर असो, पुडीत काय होतं हे खाणाऱ्याला माहीत नव्हतं. पाच पाकळ्या की सहा, पुन्हा तेच. शिवाय गल्लीच्या तोंडावरचा बर्फ घातलेला उसाचा रस काविळीला चांगला म्हणून लोक पितात. आमच्या कोल्हापुरात उसाला कोण वाईट म्हणेल? पण तो बर्फ कुठल्या पाण्याचा होता, हे विचारणारा एकही माणूस मला चाळीस वर्षांत भेटला नाही.

पुतण्याचं रक्त सहा महिन्यांनी पुन्हा बघितलं. ई गेलेला, बी होता तिथंच. त्याच्या बायकोला लस दिली, पुढं मुलं झाली तेव्हा दोघांनाही जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत. दहा वर्षं नुसतं लक्ष ठेवलं, मग विषाणूचा आकडा चढायला लागला तेव्हा रोज एक टेनोफोव्हिर सुरू झाली. 2018 पासून बी आणि सीच्या तपासण्या आणि औषधं सरकारी कार्यक्रमात फुकट मिळतात. सीवर तर बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातले पंच्याण्णव बरे होतात. पण त्यासाठी आपल्याला सी आहे हे आधी कळायला हवं. तो कार्यक्रम 28 जुलैला सुरू झाला. त्याच तारखेला जागतिक हिपॅटायटिस दिवस पाळतात, आणि ती तारीख ठरली ब्लुम्बर्गच्या वाढदिवसावरून. आपल्या परसातलं झुडूप तपासून बघणाऱ्या त्या माणसाच्या.

मी नातीला एका कागदावर लिहून दिलं: बिलिरुबिन, एकूण आणि डायरेक्ट, एसजीपीटी, अल्कलाइन फॉस्फटेज, आयएनआर, एचबीएसएजी, सीचं प्रतिद्रव्य, ए आणि ईचं आयजीएम, आणि मळ पांढरा किंवा खाज असेल तर सोनोग्राफी. "भुईआवळीच्या बुट्टीत हा कागद वर ठेव. आधी कागद, मग पाला."

मैत्रिणीचे बाबा दुसऱ्या दिवशी सीपीआर दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आले. ए पॉझिटिव्ह, बी आणि सी निगेटिव्ह, आयएनआर 1.1. त्यानंतर त्यांनी ताकातली भुईआवळी घेतली की नाही, मी विचारलं नाही.